कॉलवर मी उशिरा का बोलतो?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जिथे अडखळलो ती वाक्यं इथे सरळ केली आहेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

सुरुवात माझ्या अप्रेझलपासून करतो. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरने कामाबद्दल सगळं चांगलं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "क्लायंट कॉलवर तू उत्तर द्यायला वेळ घेतोस रे. त्यांना वाटतं तुला खात्री नसते." मी पुण्यात, क्लायंटची टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. मला खरंच धक्का बसला, कारण माझ्या बाजूने मी ताबडतोब उत्तर देत होतो. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू? तू तर समोरच्याचं वाक्यही पुरं होऊ देत नाहीस!"

मग दोघांपैकी कोण बरोबर? उत्तर शोधता शोधता मी एका वेगळ्याच विषयात जाऊन पडलो: माणसं एकमेकांशी बोलताना आपली पाळी नेमकी केव्हा घेतात. आजचा भाग त्यावर.

आधी एक आकडा. २००९ साली टान्या स्टायव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमधल्या गप्पांचे व्हिडिओ तपासले. गप्पा खऱ्या, प्रयोगशाळेत घडवून आणलेल्या नव्हेत. भाषा मुद्दाम एकमेकींपासून लांबच्या निवडल्या होत्या: इंग्रजी, डच, डॅनिश, इटालियन, जपानी, कोरियन, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल, पापुआ न्यू गिनीतल्या एका बेटावरची येली दन्ये आणि नामिबियातली आखोए हाइओम. त्यांनी फक्त हो-नाही प्रश्न घेतले आणि मोजलं, की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो. दहाही भाषांची सरासरी आली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एक अक्षर उच्चारायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

भाषांमध्ये फरक होते. जपानी सगळ्यात झटपट, सरासरी जवळजवळ शून्य (७ मिलिसेकंद). डॅनिश सगळ्यात सावकाश, ४६९. उत्तर युरोपातली माणसं म्हणे प्रश्न विचारल्यावर मिनिटभर गप्प बसतात, असे किस्से तुम्हीही ऐकले असतील. मोजल्यावर तो 'मिनिट' अर्ध्या सेकंदाहूनही छोटा निघाला. पण गंमत अशी, की तेवढा फरकसुद्धा आपल्या कानाला ठळक जाणवतो, म्हणूनच तर असे किस्से तयार होतात.

या दहांत भारतातली एकही भाषा नाही, मराठीही नाही. त्यामुळे मराठीबद्दल पुढे जे बोलेन ते मराठी बोलणारा माणूस म्हणून केलेलं निरीक्षण आहे, मोजमाप नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता २०० मिलिसेकंद ही संख्या विचित्र का आहे ते सांगतो. तुमच्यासमोर आंब्याचं चित्र ठेवलं आणि "हे काय?" विचारलं, तर 'आंबा' हा एक शब्द तोंडातून निघायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. चित्र ओळखायचं, शब्द आठवायचा, त्याचे आवाज जुळवायचे, जीभ-ओठांना सूचना पाठवायच्या, या सगळ्याला मिळून एवढा वेळ जातो. पूर्ण वाक्याने चित्राचं वर्णन करायचं असेल तर दीड सेकंदाच्या आसपास. हे आकडे भाषेचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्यांनी बरीच वर्षं मोजलेले आहेत.

म्हणजे बोलायची तयारी करायला किमान ६००, आणि प्रत्यक्षात उत्तर येतं २०० मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर, ६०० मिलिसेकंद लागणारी प्रोसेस २०० मध्ये रिस्पॉन्स देत असेल, तर ती रिक्वेस्ट पूर्ण यायच्या आधीच सुरू झालेली असणार. दुसरा मार्गच नाही. समोरचा माणूस बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे जाणार हे ओळखतो, उत्तर तयार करतो, आणि ते ओठांवर आणून थांबतो. वाक्य संपलं की सोडतो.

या 'थांबण्या'चे नियम १९७४ साली हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी एका लेखात मांडले. त्यातला गाभा साधा आहे. प्रत्येक बोलण्यात अशा जागा येतात जिथे ते पूर्ण झालं असं म्हणता येईल. अशा जागी, बोलणाऱ्याने आधीच कुणाला निवडलं असेल (नाव घेऊन, किंवा त्याच्याकडे बघून प्रश्न विचारून) तर त्याची पाळी. कुणालाच निवडलं नसेल तर जो पहिला तोंड उघडेल त्याची. आणि कुणीच बोललं नाही तर आधीचाच पुढे बोलू शकतो. हा तिसरा नियम लक्षात ठेवा, माझी गोची तिथेच होती.

पण ती पूर्ण होण्याची जागा आपण आधीच कशी ओळखतो? मला वाटायचं, आवाजाच्या चढउतारावरून. शेवटाला आवाज खाली आला की समजायचं. २००६ साली दे रॉयटर आणि सहकाऱ्यांनी हे डच भाषेत तपासलं. लोकांना खऱ्या गप्पांमधले तुकडे ऐकवले आणि सांगितलं, बोलणं संपेल त्या क्षणी बटण दाबा. संपल्यावर नाही, संपताना. मग त्याच तुकड्यांतला चढउतार सॉफ्टवेअरने सपाट केला, यंत्रासारखा एकसुरी. लोकांचा नेम जवळजवळ तितकाच अचूक राहिला. मग उलट केलं: चढउतार ठेवला, पण शब्द कळणार नाहीत असा आवाज गाळला, भिंतीपलीकडून शेजारी बोलताना ऐकू येतो तसा. नेम चुकायला लागला. त्या कामापुरतं तरी शब्द आणि वाक्याची रचना हाच मुख्य आधार होता, सूर नव्हे. सुराचा काहीच उपयोग नाही असा याचा अर्थ नाही. वाक्य दोन ठिकाणी संपू शकत असेल तेव्हा नेमकं कुठलं टोक खरं, हे सांगायला सूर कामी येतो असं नंतरच्या अभ्यासांत दिसतं.

इथे मराठीकडे येऊ. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही नंतर. वरवर बघता हे ऐकणाऱ्यावर अन्याय करणारं आहे. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच कळतो, आपल्याकडे शेवटपर्यंत टांगून ठेवतात. मग मराठी माणूस उत्तराची तयारी कधी करणार?

नीट ऐका म्हणजे कळेल. "मला त्याचं बोलणं फारसं..." एवढं म्हणून मी थांबलो तर तुम्ही बाकीचं स्वतःच भरता: पटत नाही, आवडलं नाही, काहीतरी 'नाही'च. 'फारसं' या शब्दाने दोन शब्द आधीच गुपित फोडलं. 'अजिबात', 'कधीच', 'मुळीच' हेही बहुतेक वेळा तेच करतात. असा शब्द नसला तरी क्रियापद स्वतः चुगली करतं. "मला ते पटतं" आणि "मला ते पटत नाही" यात 'नाही' यायच्या आधीच फरक ऐकू येतो: पटतं, पटत. 'पटत' ऐकलं की पुढे बहुधा नकार. म्हणजे शेवटचं 'नाही' बोललं जात असताना ऐकणाऱ्यासाठी त्यात नवीन फार काही उरलेलं नसतं. तो वेळ त्याला तयारीला मिळतो.

प्रश्नांचंही तसंच. "तू जेवलास का?" यात 'जेवलास' हा शब्द येईपर्यंत, जेवायच्या वेळी विचारत असाल तर, प्रश्न कळलेलाच असतो. 'का' हे वरचं सुट्टं अक्षर. "उद्या येणार आहेस ना?" मधला 'ना' तसाच. माझी आई तर 'ना'वर थांबतच नाही, तिचं 'हो' माझ्या 'ना'वर चढून येतं. जपानी भाषेतही क्रियापद शेवटी असतं आणि त्यामागे असे छोटे शब्द लागतात. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, ती दहांत सगळ्यात वेगवान निघाली. हे 'कदाचित' माझं आहे, पण मला पटतं. (बघा, अनुस्वार ऐकू आला ना?)

तयारी नेमकी कधी सुरू होते, यावरही एक छान प्रयोग आहे. नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांच्या डोक्यावर मेंदूचे विद्युत संकेत टिपणारे सेन्सर लावून त्यांना क्विझचे प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्न दोन तऱ्हांनी केला होता. मराठीत माझं उदाहरण देतो. पहिली तऱ्हा: "'श्यामची आई' लिहिणारे कोणते लेखक अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते?" दुसरी: "अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या कोणत्या लेखकाने 'श्यामची आई' लिहिलं?" उत्तर एकच, साने गुरुजी. पण पहिल्यात किल्ली सुरुवातीला मिळते, दुसऱ्यात शेवटी. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना उत्तरं सुमारे ३०० मिलिसेकंद लवकर आली. आणि मेंदूतले संकेत सांगत होते की किल्ली मिळाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आतच उत्तराची जुळवाजुळव सुरू होते, प्रश्न अजून चालू असला तरी. आपण सगळेच समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी आपलं उत्तर तयार करतो. ते वाईट सवयीचं लक्षण नाही, त्याशिवाय गप्पा या वेगाने चालणारच नाहीत.

बरं, मग उशीर झाला तर काय? इथे माझं अप्रेझल परत येतं. होकार चटकन येतो आणि नकार रेंगाळत येतो, हे स्टायव्हर्सच्या अभ्यासातही दिसलं. शेजाऱ्याला म्हणा, "रविवारी शिफ्टिंगला मदतीला येशील का?" 'हो' यायचं असेल तर लगेच येतं. लगेच नाही आलं की आपण समजतो, आता "अगं, काय आहे ना..." येणार. इंग्रजी संभाषणांवरच्या अभ्यासांत अशी रेघ साधारण ७०० मिलिसेकंदांच्या आसपास दिसते. शांतता त्यापलीकडे गेली की टाळाटाळीची शक्यता वाढते, आणि ऐकणाऱ्यांनाही तो माणूस नाखूश वाटायला लागतो. तो काय बोलला हे नंतर, आधी तो किती गप्प राहिला हेच मनात नोंदलं जातं.

आता हे कॉलवर नेऊन बघा. समजा मी पुण्यात आहे, माझा क्लायंट तिकडे, आणि आवाज एका बाजूने दुसरीकडे जायला २०० मिलिसेकंद लागतात. क्लायंटचा प्रश्न त्याच्या घड्याळात शून्यावर संपला. मला तो संपलेला ऐकू आला २०० वर. मी अगदी शिष्टाचारात बसणारी गॅप घेतली, २०० ची, आणि ४०० वर बोललो. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला ६०० वर. मी माझ्या खोलीत २०० मिलिसेकंदांत उत्तर दिलं. त्याने त्याच्या खोलीत ६०० ची शांतता ऐकली. दोन्ही खरं आहे. एकच संभाषण दोन ठिकाणी वेगवेगळं घडतंय. सूत्र सोपं आहे: विचारणाऱ्याला ऐकू येणारी गॅप म्हणजे उत्तर देणाऱ्याची खरी गॅप, अधिक जाण्यायेण्याचा एकूण वेळ.

त्यात मी जरा विचार करायला ३५० घेतले, तर त्याच्याकडे ७५०. रेघ ओलांडली. आणि सॅक्स मंडळींचा तिसरा नियम आठवा: कुणी बोललं नाही तर आधीचा पुढे बोलू शकतो. तो ५००-५५० ला पुन्हा सुरू करतो, "आय मीन, इफ यू..." तोवर माझा आवाज वाटेत असतो. दोघं आदळतो, दोघं थांबतो, दोघं म्हणतो "सॉरी, गो अहेड". हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय.

२०० मिलिसेकंद जातात कुठे? काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत साडेबारा-तेरा हजार किलोमीटर, म्हणजे आदर्श स्थितीतही ६०-६५ मिलिसेकंद एका बाजूने. केबल सरळ जात नाही, तेव्हा प्रत्यक्षात शंभरच्या वरच धरा. मग आवाजाचे तुकडे करणं (साधारण २० मिलिसेकंदांचा एक), ते पुढेमागे पोचतात म्हणून थोडे साठवून नीट क्रमाने वाजवणं, म्हणजे जिटर बफर, आणि वर हेडफोनचा स्वतःचा उशीर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जुनी शिफारस आहे, की एका बाजूचा उशीर १५० पर्यंत असेल तर बहुतेकांना त्रास होत नाही, ४०० च्या वर जाऊ नये. आमचा कॉल मधल्या पट्ट्यात.

मी हे मोजायचं ठरवलं. कॉलेजचा एक मित्र न्यू जर्सीत असतो, त्याला तयार केला. अडचण अशी, की त्याचं आणि माझं घड्याळ मिलिसेकंदात जुळवणं कटकटीचं. मग लक्षात आलं, जुळवायची गरजच नाही! दोघांनी लॅपटॉपचा स्पीकर चालू ठेवला आणि शेजारी आपापला फोन रेकॉर्डिंगला ठेवला. म्हणजे त्या खोलीत जे ऐकू आलं, दोघांचेही आवाज, ते त्या फोनमध्ये. मग त्याने मला हो-नाही प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नोत्तराची गॅप ऑडॅसिटीमध्ये वेव्हफॉर्म बघून मी दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये मोजली. त्याच्या खोलीतल्या गॅपमधून माझ्या खोलीतली वजा केली, की उरतो तो जाण्यायेण्याचा वेळ.

वीसेक जोड्या मोजल्या. ज्यात दोघं एकदम बोललो त्या सोडून दिल्या, कारण स्पीकरवर प्रतिध्वनी काढणारं सॉफ्टवेअर अशा वेळी एकाचा आवाज दाबतं आणि सुरुवात कुठे झाली ते दिसतच नाही. हे मापन त्यामुळे ओबडधोबड आहे. तरी साधारण चित्र स्पष्ट होतं. माझ्या खोलीत मी १९० च्या आसपास उत्तर देत होतो. त्याच्या खोलीत तेच उत्तर ६२० च्या आसपास पोचत होतं. फरक ४३०.

आई बरोबर होती. मॅनेजरही बरोबर होता.

पण इथे थांबलो तर अर्धीच गोष्ट होईल. मिशिगन विद्यापीठातल्या जूली बोलंड आणि सहकाऱ्यांनी झूमवरच्या गप्पा मोजल्या. त्याच माणसांच्या पाळ्यांमधली गॅप समोरासमोर सरासरी १३५ मिलिसेकंद, झूमवर ४८७. त्यांच्या कॉलमधला तांत्रिक उशीर मात्र ३० ते ७० इतकाच होता. म्हणजे साडेतीनशेची वाढ नुसत्या उशिराच्या हिशोबात बसत नाही. त्यांचा अंदाज असा, की ऐकताना मेंदू समोरच्याच्या अक्षरांच्या ठेक्याला स्वतःला जुळवून घेतो, आणि उशीर कमीजास्त होत राहिला की तो ठेका सुटतो. ठेका सुटला की झेप कधी घ्यायची ते कळत नाही, मग माणूस वाक्य खरंच संपेपर्यंत वाट बघतो. तबलजीला सम सापडत नसेल तर तो हात उचलून धरतो, तसं.

माझ्या मते आणखी दोन गोष्टी हरवतात. एक, नजर. स्टायव्हर्सच्या अभ्यासात विचारणारा उत्तर देणाऱ्याकडे बघत असेल तर उत्तर लवकर येत होतं, जवळजवळ सगळ्या भाषांत. आठ चौकोनांच्या कॉलवर सगळेच सगळ्यांकडे बघतात आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. दुसरी, श्वास. बोलायच्या आधी आपण हलकासा श्वास घेतो, 'हं' करतो, जीभ टाळ्याला लागते. समोरच्याला त्यातून कळतं की हा आता बोलणार. नॉइज सप्रेशन नेमकं हेच 'कचरा' म्हणून काढून टाकतं. आणि म्यूटवर असलो तर तेही नाही. अनम्यूट करायलाच अर्धा सेकंद.

मग मी काय बदललं? उत्तराचा वेग वाढवणं शक्य नव्हतं, १९० च्या खाली कुठे जाणार. मी उत्तराची सुरुवात बदलली. प्रश्न संपत आला की आधीच "येस, सो" किंवा नुसतं "राइट" म्हणायला लागलो, मुद्दाम, अगदी आईसारखं वाक्यावर चढून. तिकडे पोचेपर्यंत ते बरोबर वेळेवर पोचतं, आणि मग खऱ्या विचाराला मला सेकंद-दीड सेकंद मिळतो, पाळी माझ्या नावावर झालेली असते. सुरुवातीला उद्धटपणा वाटला. माझ्या खोलीत तो होताच, त्यांच्या खोलीत नव्हता. कॉलवर लांब केबलचा हेडफोन वापरतो आणि बोलायची वेळ जवळ आली की आधीच अनम्यूट असतो. मी मीटिंग घेत असेन तर "कुणाला काही शंका?" असं विचारत नाही, नाव घेऊन विचारतो आणि मग मनात तीन आकडे मोजतो.

मॅनेजरला रेकॉर्डिंगचे ते दोन वेव्हफॉर्म एकाखाली एक लावून दाखवले. तो बघत राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. आम्ही एकाच खोलीत बसलो होतो, त्यामुळे ती शांतता त्याची स्वतःची होती. मग म्हणाला, "हे क्लायंटला पाठव." पुढच्या वर्षीच्या फीडबॅकमध्ये ते वाक्य आलं नाही.